मीटरवर व्होल्ट पुरेसे, तरी घरघर: ब्रिजनंतरच्या कपॅसिटरवर रिपल किती येतो आणि का

प्रश्न: सर, माझ्याकडे 12 व्होल्ट 1 अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, चार 4007 डायोडचा ब्रिज, 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचा कपॅसिटर आणि पुढे 12 व्होल्टचा रेग्युलेटर 7812 आहे. त्यावर टीडीए 2003 चा छोटा ॲम्प्लिफायर चालवतो. आवाज कमी असला की काही त्रास नाही, वाढवला की गाण्याच्या मागे घरघर येते. कपॅसिटरवर मीटर लावला तर लोड नसताना साडेअठरा आणि मोठ्या आवाजात 14 व्होल्ट दिसतात, म्हणजे 7812 ला पुरेसे आहेत ना? कुणी म्हणतं 2200 लाव, कुणी म्हणतं 10000. नक्की किती लावू, आणि ते ठरतं कशावर?

उत्तर:

तुमचा मीटर खोटं सांगत नाही, पण तो सरासरी सांगतो, आणि 7812 ला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्याला प्रत्येक क्षणी आउटपुटपेक्षा साधारण 2 व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे इनपुटला 14 च्या खाली क्षणभरही जाऊन चालत नाही. तुमच्या सर्किटमध्ये मोठ्या आवाजाला कपॅसिटरवरचं व्होल्टेज सेकंदाला 100 वेळा सुमारे 16 वर चढतं आणि सुमारे 12 पर्यंत घसरतं. या चढउताराची सरासरी 14, तीच मीटरवर दिसते. प्रत्यक्षात जवळजवळ अर्धा वेळ 7812 ला पुरेसं इनपुटच मिळत नाही. त्या वेळात तो रेग्युलेटर राहत नाही, इनपुट जसं खाली जाईल तसं आउटपुटही खाली जातं. 12 च्या जागी दहा-साडेदहापर्यंत, तेही सेकंदाला 100 वेळा. ती तुमची घरघर.

म्हणून किती मायक्रोफॅरड हे विचारण्याआधी दोन आकडे वेगळे करून बघायची सवय लावा: माथा किती आणि तळ किती. माथा ट्रान्सफॉर्मर ठरवतो. माथ्यापासून तळ किती खाली जाईल ते कपॅसिटर आणि लोड मिळून ठरवतात. या दोघांमधला फरक म्हणजे रिपल.

आता ही घसरण होते कशी ते एका फेरीत पाहू. आपल्याकडे मेन्स 50 हर्ट्झ. ब्रिज उलटी अर्धलहर सुलटी करतो, त्यामुळे सेकंदाला 100 उंचवटे मिळतात, दर 10 मिलिसेकंदांनी एक. पण डायोड पूर्ण 10 मिलिसेकंद चालू नसतात. ब्रिजमधून करंट जायचा तर ट्रान्सफॉर्मरचं त्या क्षणाचं व्होल्टेज कपॅसिटरवरच्या व्होल्टेजपेक्षा दोन डायोडच्या ड्रॉपइतकं तरी जास्त हवं. कपॅसिटर आधीच बराच भरलेला असल्यामुळे हे फक्त उंचवट्याच्या माथ्याजवळ घडतं. तेवढ्या दीड-दोन मिलिसेकंदांत कपॅसिटर भरून घेतो. माथा ओलांडून लहर खाली वळली की चारही डायोड बंद. तिथून पुढचा उंचवटा पुरेसा वर येईपर्यंत ट्रान्सफॉर्मरचा लोडशी संबंध तुटलेला असतो. तुमचा ॲम्प्लिफायर त्या वेळात निव्वळ कपॅसिटरमधल्या चार्जवर चालतो, आणि चार्ज जातो तसं व्होल्टेज उतरतं.

किती उतरतं याचा हिशेब सोपा आहे. करंट गुणिले वेळ म्हणजे गेलेला चार्ज, त्याला कपॅसिटन्सने भागलं की व्होल्टेजमधली घट:

```
ΔV = I × t / C
   = 0.5 A × 0.010 s / 0.001 F
   = 5 V
```

इथे मी तुमच्या ॲम्प्लिफायरचा करंट मोठ्या आवाजाला अर्धा अँपियर धरला आहे. 4 ओहमच्या स्पीकरवर टीडीए 2003 साधारण तेवढा घेतो. कमी आवाजाला हाच आयसी 50 मिलिअँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे रिपल अर्ध्या व्होल्टवर येतो. 7812 ला तो सहज पचतो. म्हणूनच आवाज कमी असताना तुम्हाला काही ऐकू येत नाही. रिपल लोडच्या करंटच्या प्रमाणात वाढतो, याचा पुरावा तुमच्या प्रश्नातच आहे.

वरच्या हिशेबात वेळ पूर्ण 10 मिलिसेकंद धरली, ती थोडी जास्त आहे, कारण त्यातला काही काळ डायोड चालू असतात. 1000 मायक्रोफॅरडला ते साधारण 2.2 मिलिसेकंद चालू राहतात, मग कपॅसिटर एकटा 7.8 मिलिसेकंद राहतो आणि घसरण 3.9 व्होल्ट होते. 16 मधून 3.9 गेले की 12.1. म्हणून वर मी तळ 12 म्हणालो. पण डिझाइन करताना 10 मिलिसेकंदच धरावी असं माझं मत आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा खरा कपॅसिटन्स छापलेल्या आकड्यापेक्षा 20 टक्के कमी असू शकतो आणि ते कंपनीच्या हमीत बसतं. वेळ जास्त धरून मिळालेली सूट तिथेच खर्ची पडते.

आणखी एक. काही पुस्तकांत हा उतार आर-सी सर्किटसारखा वाकलेला दाखवतात. लोड साधा रेझिस्टर असेल तर ते ठीक आहे. तुमच्याकडे मध्ये 7812 आहे, आणि रेग्युलेटर जोवर नीट काम करतोय तोवर त्याचं इनपुट कितीही असो, तो करंट तेवढाच ओढतो. त्यामुळे स्कोपवर उतार सरळ रेघेसारखा दिसतो आणि वरचं सूत्र चांगलं लागू पडतं.

सूत्रात व्होल्टेज कुठेच नाही, हे लक्षात आलं का? 12 व्होल्टची सप्लाय असो की 40 ची, अर्ध्या अँपियरला आणि 1000 मायक्रोफॅरडला घसरण जवळपास तेवढीच. 40 मध्ये 4 गेले तर फारसं बिघडत नाही. 16 मध्ये 4 गेले की सगळं बिघडतं. त्यामुळे दुकानात ऐकू येणारा ‘अँपियरला 1000’ हा नियम आंधळेपणाने वापरू नका. एका अँपियरला 1000 लावलात तर कागदावर 10 व्होल्ट रिपल येतो. तो कुठे चालेल आणि कुठे नाही, हे पुढे काय जोडलंय त्यावर आहे.

वेळेचंही तसंच. अमेरिकेतल्या साइटवरून उचललेल्या सर्किटमध्ये मेन्स 60 हर्ट्झ धरलेला असतो, तिथे दोन उंचवट्यांत 8.3 मिलिसेकंदच जातात. तोच कपॅसिटर आपल्याकडे लावला की रिपल पाचवा हिस्सा वाढतो. आणि ब्रिजमधला एक डायोड ओपन झाला, किंवा त्याचा सोल्डर सुटला, तर एक आड एक उंचवटा गायब होतो. मग कपॅसिटरला 20 मिलिसेकंदांच्या फेरीत जवळजवळ सगळा वेळ एकट्याने काढावा लागतो आणि रिपल दुपटीवर जातो. हे ओळखायला स्कोपवर दोन माथ्यांतलं अंतर बघा. 10 मिलिसेकंद असेल तर ब्रिज शाबूत, 20 असेल तर एक डायोड किंवा त्याचा जोड गेलेला. स्कोप नसेल तर सप्लाय बंद करून कपॅसिटर रिकामा करा आणि मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर चारही डायोड तपासा. माझ्याकडे ‘कपॅसिटर बदलला तरी हम गेला नाही’ म्हणून जे सेट येतात, त्यांत मी आधी हेच बघतो.

आता 2200 की 10000. माथा 16 धरून, डायोड चालू असण्याचा वेळ वजा करून काढलं तर अर्ध्या अँपियरला 2200 मायक्रोफॅरडवर रिपल 1.9 व्होल्ट येतो, तळ 14.1. म्हणजे 7812 ची गरज जेमतेम भागते. 4700 वर रिपल 0.95, तळ 15 च्या जरा वर, एक व्होल्टची सवड. 10000 वर रिपल अर्ध्या व्होल्टच्या थोडा खाली, तळ साडेपंधरा. 2200 वरून 4700 वर जाताना जवळजवळ एक व्होल्ट मिळाला. 4700 वरून 10000 वर जाताना दुपटीहून मोठा डबा लावून अर्धा व्होल्टही मिळाला नाही, कारण तळ कितीही उचलला तरी तो माथ्याच्या वर जाणार नाही. तुमच्या सप्लायला 4700 च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

रिपल शून्यावर आणायची धडपडही नको. तळ 14 च्या वर राहिला की उरलेला रिपल 7812 स्वतः दाबतो. त्याच्या डेटाशीटमध्ये रिपल रिजेक्शन किमान 55 डेसिबल दिलेलं असतं, म्हणजे साधारण साडेपाचशे पट. इनपुटवरच्या 2 व्होल्ट रिपलचे आउटपुटला तीन-चार मिलिव्होल्ट उरतात. तळ 14 च्या खाली गेला की हे दाबणं त्या काळापुरतं संपतं आणि रिपल थेट व्होल्टमध्ये पुढे जातो. त्यामुळे घरघर हळूहळू वाढत नाही. आवाज वाढवताना एका ठरावीक जागेला ती एकदम सुरू होते. व्हॉल्यूम सावकाश फिरवून बघा, ती जागा सापडेल.

मोठ्या कपॅसिटरची किंमत ट्रान्सफॉर्मर मोजतो. लोडने 10 मिलिसेकंदांत जेवढा चार्ज वापरला तेवढा सगळा डायोड चालू असतानाच्या छोट्या वेळात परत भरावा लागतो. तळ जितका उंच, तितका तो वेळ छोटा. 1000 मायक्रोफॅरडला 2.2 मिलिसेकंद मिळत होते, म्हणजे त्या वेळातला सरासरी करंट 2.3 अँपियर. 4700 ला कागदावर जेमतेम एक मिलिसेकंद मिळतं, करंट पावणेपाच अँपियर. लोड मात्र दोन्हीकडे अर्ध्याच अँपियरचा. प्रत्यक्षात वाइंडिंगचा रेझिस्टन्स हा झटका थोडा पसरवतो आणि त्याची उंची कमी करतो, पण त्याचबरोबर लहरीचा माथाही चपटा करतो. लोड लावल्यावर तुमचा माथा हा चपटेपणा न धरता येणाऱ्या साडेसोळाऐवजी मी 16 धरला तो त्यामुळेच. अशा झटक्यांनी वाइंडिंग जास्त तापतं, म्हणून कपॅसिटर इनपुटच्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या करंटच्या साधारण 60 टक्केच डीसी सतत घ्यावा. तुमच्या 1 अँपियरच्या ट्रान्सफॉर्मरमधून 0.6 अँपियर. तुम्ही अर्धा घेताय, ठीक आहे. चॅनल दोन करून स्टिरिओ करायचा बेत असेल तर हा ट्रान्सफॉर्मर पुरणार नाही. डायोडचं म्हणाल तर 4007 अर्ध्या अँपियरला चालतो. एक अँपियरच्या पुढे जाणार असाल तर 5408 घ्या.

इथपर्यंत सगळं घरात 230 व्होल्ट आहेत असं धरून झालं, आणि तुमच्याकडे काय येतं ते मला माहीत नाही. हाच मुद्दा माझ्या उत्तरात सगळ्यात जास्त परिस्थितीवर अवलंबून आहे. संध्याकाळी लाइन 200 वर येत असेल तर हिशेब असा: 12 व्होल्टच्या वाइंडिंगला अर्ध्या अँपियरवर साधारण 13 व्होल्ट मिळत होते, त्याचे 11.3 झाले. त्याचा माथा 16, त्यातून दोन डायोडचे मिळून 1.8 व्होल्ट वजा केले की 14.2, आणि चपटेपणा धरला की साडेतेराच्या आसपास. आता माथाच 14 च्या खाली आहे. 4700 लावा, 10000 लावा, बादलीएवढा लावा, घरघर जाणार नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरच बदलावा लागतो.

म्हणून माझा सल्ला दोन टप्प्यांत आहे. आधी 1000 काढून 4700 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचा लावा. 25 चा नको, कारण लोड नसताना लाइन 250 वर गेली तर कपॅसिटरवर 20 च्या वर व्होल्ट येतात आणि 25 चा डबा कायम काठावर राहतो. दिवसभर चाचणी घ्या, आणि संध्याकाळी लाइन पडते तेव्हा मुद्दाम घ्या. दिवसा शांत आणि संध्याकाळी घरघर असेल तर 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणा. त्याच्यावर 2200 सुद्धा पुरेल: माथा 20 च्या आसपास, तळ 18, आणि लाइन 200 वर आली तरी तळ पंधराच्या वर. बदल्यात 7812 वर सरासरी 7 व्होल्ट पडतील, अर्ध्या अँपियरला साडेतीन वॅट उष्णता. त्याला ॲल्युमिनियमचं चांगलं हीटसिंक लागेल. नुसता उघडा 7812 तेवढं झेपणार नाही, तापून स्वतःला बंद करून घेईल.

मोजणं कसं करायचं ते सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. गाणं लावून मोजू नका, करंट सारखा बदलत राहतो. ॲम्प्लिफायर काढून 7812 च्या आउटपुटला 22 ओहम 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा, अर्ध्या अँपियरपेक्षा किंचित जास्त करंट जाईल. तो चटका बसेल इतका तापतो, टेबलावर नुसता ठेवू नका. मग मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात लहान रेंजवर ठेवून कपॅसिटरवर लावा. जे वाचन येईल त्याची साडेतीन पट म्हणजे माथा ते तळ असा रिपल, कारण आकार करवतीच्या दात्यासारखा असतो. 1.1 दिसलं तर रिपल पावणेचार-चार व्होल्ट. हे करण्याआधी मीटरची एक परीक्षा घ्या. एसी रेंजवर 9 व्होल्टची बॅटरी मोजा. चांगला मीटर शून्य दाखवतो. स्वस्तातला पिवळा मीटर प्रोब एका बाजूने लावल्यावर अठरा-वीस दाखवतो आणि उलटे लावल्यावर शून्य. असा मीटर डीसी अडवत नाही, त्याच्यावर रिपलचं वाचन घेऊ नका. तो असेल तर दुसरीच खूण वापरा. त्याच 22 ओहमवर 7812 चं आउटपुट डीसीत मोजा, मग रेझिस्टर काढून परत मोजा. चांगला 7812 दोन्ही वेळा जवळजवळ तोच आकडा देतो. लोडवर तो 11.4, 11.5 असा खाली आला तर तळ कमी पडतोय हे नक्की.

कपॅसिटर जुना असेल तर त्यावर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. ट्रान्सफॉर्मर किंवा हीटसिंकला चिकटून बसवलेला इलेक्ट्रोलायटिक आतून सुकतो, 1000 चा 400 होतो, आणि आतला रेझिस्टन्स वाढतो तो वेगळा. त्याचं डोकं फुगलेलं असेल तर मोजायचीही गरज नाही, काढून टाका.

शेवटी वायरिंग, कारण 4700 लावल्यावर घरघर कमी न होता आवाज कमी असतानाही बारीक गुणगुण सुरू झाली, असं होऊ शकतं. ती रिपलची नाही. ब्रिजच्या मायनसपासून कपॅसिटरच्या मायनसपर्यंतच्या तारेतून वर सांगितलेले काही अँपियरचे झटके जातात. तारेचा रेझिस्टन्स 20 मिलिओहम आणि झटका 3 अँपियरचा असेल तर त्या तारेच्या दोन टोकांत 60 मिलिव्होल्टचा फरक पडतो. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचं ग्राउंड ब्रिजजवळ जोडलेलं असेल तर हे 60 मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात आणि टीडीए 2003 ते शंभर पटीच्या आसपास वाढवतो. कपॅसिटर जितका मोठा तितका झटका उंच, म्हणून गुणगुण वाढते. ब्रिजच्या दोन तारा थेट कपॅसिटरच्या पायांवर आणा, आणि 7812 चा मधला पाय, ॲम्प्लिफायरचं ग्राउंड, स्पीकरचा मायनस हे सगळं कपॅसिटरच्या मायनस पायाच्या पलीकडून न्या. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामधल्या तारेवर दुसरं काहीही जोडलेलं नको.